वेषांतर सापडलं, आता पुढे काय?

इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांना शेक्सपिअरच्या सुखात्मिकांवर निबंध लिहावाच लागतो. प्रश्नही दरवर्षी साधारण तोच असतो: अमुक नाटकातले सुखात्मिकेचे संकेत दाखवा. उत्तरही ठरलेलं. नायिका पुरुषाचा वेष घेते, हे वेषांतर. जुळ्या भावंडांमुळे घोटाळा होतो, ही ओळखीची चूक. शेवटी लग्नं लागतात, हा आनंदी शेवट. तीन खुणा झाल्या, मध्ये कथानक भरलं, निबंध संपला. यात चुकीचं एकही वाक्य नसतं आणि तरी मार्क बेताचेच पडतात. कारण परीक्षकाला हे सगळं आधीच ठाऊक असतं. तो संकेत सापडल्याबद्दल मार्क देत नाही. त्या संकेताने या नाटकात नेमकं काय घडवून आणलं, हे कुणी सांगतंय का, ते तो शोधत असतो.

ते कसं शोधायचं, हे एकाच नाटकातून पाहू. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ त्यासाठी सगळ्यात सोयीचं आहे, कारण तिन्ही संकेत त्यात भरपूर आहेत आणि तिन्ही ठिकाणी शेक्सपिअरने काहीतरी खोडी काढून ठेवली आहे.

नाटक साधारण 1601 सालचं. 2 फेब्रुवारी 1602 रोजी लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलीच्या शिक्षणसंस्थेत त्याचा प्रयोग झाला. तो पाहिलेल्या जॉन मॅनिंगहॅम नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली, म्हणून ही तारीख आपल्याला कळते. या पठ्ठ्याने पहिल्याच झटक्यात संकेत ओळखला होता. हे नाटक ‘कॉमेडी ऑफ एरर्स’सारखं आहे, प्लॉटसच्या जुन्या लॅटिन नाटकासारखं आहे, असं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे जुळ्यांचा घोटाळा तेव्हाच्या प्रेक्षकालाही नवा नव्हता. नाटक छापून आलं ते मात्र 1623 मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘फर्स्ट फोलिओ’त. त्यात सुखात्मिकांच्या गटात चौदा नाटकं आहेत आणि हे त्यातलं एक.

कथा थोडक्यात. जहाज फुटून व्हायोला इलिरियाच्या किनाऱ्याला लागते. जुळा भाऊ सेबॅस्टियन बुडाला, अशी तिची समजूत आहे. परक्या मुलखात एकटी मुलगी, म्हणून ती पुरुषाचा वेष घेते, सिझारिओ हे नाव सांगते आणि ऑर्सिनो या सरदाराकडे चाकरीला राहते. ऑर्सिनो ऑलिव्हियाच्या प्रेमात आहे. ऑलिव्हिया भावाच्या मृत्यूचं सात वर्षांचं सुतक धरून बसली आहे आणि त्याला दारातही उभं करत नाही. ऑर्सिनो आपला निरोप घेऊन सिझारिओला पाठवतो. ऑलिव्हिया निरोप झिडकारते आणि निरोप्याच्या प्रेमात पडते. इकडे व्हायोला स्वतः ऑर्सिनोवर जीव लावून बसलेली.

आता वेषांतर. निबंधात पहिला प्रश्न असा विचारायचा: वेष कुणाच्या कामी येतो? ‘ॲज यू लाइक इट’मधली रोझलिंडही पुरुषवेष घेते. पण ती त्या वेषाच्या आडून प्रियकराला प्रेमाचे धडे देते, दुसऱ्या जोड्यांची लग्नं जुळवते आणि स्वतःला सोयीचं होईल तेव्हा वेष उतरवते. वेष तिच्या हातातलं हत्यार आहे. व्हायोलाचं तसं नाही, आणि ते कळण्यासाठी दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचावा. प्रवेश लहानसा आहे. ऑलिव्हियाकडून परतणाऱ्या सिझारिओला तिचा कारभारी माल्व्होलिओ रस्त्यात गाठतो. तुम्ही आमच्या बाईंकडे ही अंगठी ठेवून आलात, ती परत घ्या, असं म्हणत तो ती जमिनीवर टाकतो. व्हायोलाने कसलीच अंगठी दिलेली नव्हती. पण ती तसं म्हणत नाही. बाईंनी माझ्याकडून अंगठी घेतली, आता ती मला परत नको, असं सांगून ती ऑलिव्हियाची लाज राखते. माल्व्होलिओ निघून गेल्यावर तिला उलगडा होतो, की अंगठी हे निमित्त होतं आणि ही बाई आपल्या या रूपावर भाळली आहे.

त्यानंतरचं तिचं स्वगत ज्याला निबंधात वापरता आलं, त्याचं निम्मं काम झालं. ती स्वतःच्याच वेषाला दोष देते. मग हिशेब मांडते: पुरुष म्हणून मी मालकाच्या बाबतीत निराश, बाई म्हणून ऑलिव्हियाचे उसासे फुकट. आणि हा गुंता मला सुटणारा नाही, तो काळानेच सोडवावा, असं म्हणून ती हात टेकते. नाटकाची नायिका दुसऱ्या अंकातच सूत्रं सोडून देते! जी गोष्ट संरक्षणासाठी घेतली तिनेच तिला बांधून टाकलं आहे. बाई म्हणून ऑर्सिनोसमोर उभं राहता येत नाही आणि पुरुष म्हणून ऑलिव्हियाला उत्तर देता येत नाही. दोन नाटकांत संकेत तोच, काम मात्र उलटं. या फरकावर निबंधात एक परिच्छेद खर्च केला, तर तो वाया जात नाही.

एक गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर बायका नव्हत्या, व्हायोलाचं काम मिसरूड न फुटलेला मुलगा करायचा. बालगंधर्वांना भामिनीच्या किंवा सिंधूच्या भूमिकेत पाहणाऱ्या प्रेक्षकाला लुगड्याआडचा पुरुष माहीत असायचा आणि तरी तो भूमिकेत रमायचा. लंडनच्या प्रेक्षकाचंही तसंच. फक्त इथे एक पदर जास्त आहे: मुलगा मुलगी झालेला, आणि ती मुलगी पुन्हा मुलगा झालेली. ऑर्सिनो सिझारिओकडे पाहून तुझे ओठ, तुझा आवाज बाईसारखाच आहे असं म्हणतो, तेव्हा ते वाक्य एकाच वेळी पात्राबद्दलही खरं असतं आणि समोरच्या नटाबद्दलही.

ओळखीच्या चुकीकडे वळताना विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. वेषांतर आणि ओळखीची चूक या दोन्ही गोष्टी एकाच दमात, एकाच मथळ्याखाली लिहिल्या जातात. त्या वेगळ्या आहेत. वेषांतर कुणीतरी जाणूनबुजून करतं. फसवणारा एक असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. ओळखीच्या चुकीत फसवणारा कुणीच नसतो. ऑलिव्हिया सिझारिओला पुरुष समजते, हे वेषांतराचं फळ. पण सर अँड्र्यू सेबॅस्टियनला सिझारिओ समजून थोबाडीत मारायला जातो आणि उलट मार खातो, ही ओळखीची चूक. सेबॅस्टियनने काहीच सोंग घेतलेलं नाही. तो बिचारा नुसता गावात आला आहे.

दोन्ही संकेत एकमेकांना कुठे भेटतात, ते ठिकाण दाखवता आलं की निबंधाला बळ येतं. ते ठिकाण आहे तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश. ऑलिव्हियाचा बेवडा नातेवाईक सर टोबी गंमत म्हणून भित्र्या सर अँड्र्यूची आणि सिझारिओची तलवारबाजी जुळवतो. दोघांनाही स्वतंत्रपणे सांगतो की समोरचा महाभयंकर लढवय्या आहे. दोघेही थरथरत तलवारी काढतात. तेवढ्यात अँटोनिओ धावत येतो. यानेच सेबॅस्टियनला समुद्रातून वाचवलं होतं आणि या गावात आपल्याला पकडतील हे माहीत असूनही त्याच्या मागोमाग आला होता. सिझारिओला तो सेबॅस्टियन समजतो आणि त्याच्या वतीने तलवार उपसतो. शिपाई येऊन त्याला ओळखतात, पकडतात. जाता जाता तो सेबॅस्टियनला दिलेली आपली पैशांची थैली परत मागतो. व्हायोला गोंधळते. थैली कसली? तरी दयेपोटी आपल्याजवळच्या पैशातले अर्धे देऊ करते. अँटोनिओला वाटतं, ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला तोच ओळख नाकारतोय. संतापाने तो सेबॅस्टियनचं नाव घेऊन त्याला कृतघ्न म्हणतो.

या एका प्रवेशात प्रेक्षकाची काय अवस्था होते ते पाहा. क्षणभरापूर्वी तो खो-खो हसत होता. अँटोनिओचं दुःख मात्र खरं आहे. विश्वासघात झालेला नाही, पण त्याला झालेली वेदना खोटी नाही. आणि त्याच शिवीतून व्हायोलाला भावाचं नाव ऐकू येतं, म्हणजे तो जिवंत असेल अशी आशा तिला लागते. एकाच चुकीतून तीन माणसांच्या वाट्याला तीन वेगळ्या गोष्टी आल्या.

याच जागी व्हायोला एक तपशील सांगते, जो बहुतेक निबंधांत सुटतो. आपण कपड्यांची धाटणी, रंग, सजावट सगळं भावासारखंच ठेवलं आहे, असं ती म्हणते. खरं तर भाऊ-बहीण असलेली जुळी इतकी हुबेहूब दिसत नाहीत. शेक्सपिअरला स्वतःला हॅम्नेट आणि ज्युडिथ अशी जुळी होती, तेव्हा हे त्याला सांगायला नको. रंगमंचावर घोटाळा चालतो तो चेहऱ्यांपेक्षा कपड्यांच्या जोरावर. आणि व्हायोलाच्या दृष्टीने पाहिलं तर ती गेलेल्या भावाचंच रूप अंगावर वागवत होती. वेषांतर शोकातून आलं आणि त्याच वेषामुळे ओळखीची चूक शक्य झाली. हा धागा गाईडमध्ये सहसा मिळत नाही.

अजून एक गोष्ट तपासायची: कुणाला काय कधी कळतं. नाटकाची प्रत घेऊन समासात पेन्सिलीने लिहीत गेलं तरी पुरे. सेबॅस्टियन जिवंत आहे हे आपल्याला दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात दाखवलं जातं. व्हायोलाला त्याची नुसती चाहूल लागते ती तिसऱ्या अंकाच्या शेवटी आणि खात्री पटते ती पाचव्यात. नाटककाराला हे प्रेक्षकांपासून लपवता आलं असतं. शेवटच्या प्रवेशात भाऊ अचानक आत आला असता तर धक्का जोरदार बसला असता. पण मग मधले तीन अंक आपण काळजीत बसलो असतो. बोट काठाला लागणार हे आधीच कळलेलं असल्यामुळे अँटोनिओची अटक किंवा ऑर्सिनोची शेवटच्या अंकातली मारण्याची धमकी आपण सोसू शकतो. सुखात्मिकेचं सुख हे असं माहितीच्या वाटपातून तयार होतं, आणि ते दाखवायला नुसते अंक-प्रवेशांचे आकडे पुरतात.

माल्व्होलिओचं उपकथानक इथे सोडून चालणार नाही. मॅनिंगहॅमने त्याच्याच फजितीचं कौतुकाने वर्णन केलं होतं, आणि पुढे राजा पहिल्या चार्ल्सने आपल्या प्रतीत या नाटकाच्या नावापाशी माल्व्होलिओचंच नाव लिहून ठेवलं. ऑलिव्हियाची दासी मारिया मालकिणीच्या हस्ताक्षरासारख्या अक्षरात पत्र लिहून त्याच्या वाटेत टाकते. बाईंचं आपल्यावर प्रेम आहे असं समजून तो पिवळे मोजे घालतो, त्यावर आडवे पट्टे बांधतो आणि सुतकात असलेल्या बाईसमोर हसत उभा राहतो. हेही वेषांतरच आहे, पण करणाऱ्याला ते वेषांतर वाटत नाही. इतरांनी त्याला सोंग चढवलं आहे आणि त्याला वाटतंय की आपलं खरं रूप आज प्रकट झालं. वेड लागलं म्हणून पुढे त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडतात आणि फेस्टे हा विदूषक दाढी-झगा चढवून, धर्मगुरू बनून त्याला छळायला जातो. त्यावर मारिया सहज बोलून जाते, की तुला दाढी-झग्याची गरजच नव्हती, त्याला तू दिसतच नाहीस. शेक्सपिअर स्वतःच संकेताची अशी शिवण उसवून दाखवतो. ज्याला फसवायचं तो पाहू शकत नाही, मग वेष कुणासाठी? आपल्यासाठी, हसायला बसलेल्यांसाठी. इथवर आलं की हसू थोडं अडखळतं.

राहिला आनंदी शेवट. नाटकाचं नाव नाताळच्या बाराव्या रात्रीवरून आलं आहे. 6 जानेवारीच्या सणाच्या आसपास तिकडे खाणंपिणं, नाचगाणी आणि मालक-नोकरांची उलटापालट चालायची. सी. एल. बार्बर या समीक्षकाने 1959 मध्ये शेक्सपिअरच्या सुखात्मिकांवर पुस्तक लिहिलं, त्यात या नाटकांचा घाट अशा सणांच्या मोकळिकीशी जोडून दाखवला. निबंधात त्याचं नाव घ्यायला हरकत नाही, पण मग शेवटच्या प्रवेशात सण कितपत आहे हे मोजायलाच हवं.

मोजू या. सेबॅस्टियन आणि ऑलिव्हियाचं लग्न झालंय, पण ते रंगमंचाबाहेर, आणि सिझारिओशी लग्न लागतंय अशा ऑलिव्हियाच्या समजुतीत. म्हणजे प्रेम एकावर, लग्न दुसऱ्याशी. संकेत इतक्या वेगाने पुढे नेतो की आपल्याला ते खटकायला वेळ मिळत नाही. सर टोबीने मारियाशी लग्न केल्याचं कुणीतरी येऊन सांगतं, ती दोघं तेव्हा समोर नाहीत. सर अँड्र्यूला टोबी जाता जाता चार शब्द ऐकवतो आणि तो रक्ताळलेलं डोकं धरून निघून जातो. भावंडांची ओळख पटते, पण तीही सावकाश. दोघं वडिलांच्या कपाळावरच्या तिळाची, त्यांच्या मृत्यूच्या दिवसाची खूण पटवत राहतात आणि व्हायोला म्हणते, माझे बायकी कपडे मिळेपर्यंत मला मिठी मारू नकोस. अँटोनिओ तिथेच उभा आहे. त्याचा गैरसमज दूर होतो, पण त्याच्या सुटकेबद्दल कुणी शब्द काढत नाही. माल्व्होलिओ सगळ्यांचा सूड घेईन म्हणून तडक निघून जातो. नाच नाही, पंगत नाही. शेवटी फेस्टे एकटा उरतो आणि रोजच्या पावसाचं गाणं म्हणतो.

आणि व्हायोला? तिचे कपडे ज्या कप्तानाकडे ठेवलेले आहेत तो तुरुंगात आहे, आणि त्याला तिथे घातलंय माल्व्होलिओच्या फिर्यादीने. म्हणजे नायिकेने बाई म्हणून समोर यायचं तर नेमक्या त्याच माणसाची मर्जी हवी ज्याला सगळ्यांनी मिळून दुखावलं. ऑर्सिनो त्याची समजूत काढायला माणूस धाडतो. तो परत आल्याचं आपण पाहत नाही. पडदा पडेपर्यंत व्हायोला पुरुषाच्याच कपड्यात आहे आणि ऑर्सिनो तिला सिझारिओच म्हणतो.

मग निबंधात लिहायचं कसं? ‘नाटकाचा शेवट लग्नांनी होतो, हे सुखात्मिकेचं वैशिष्ट्य आहे’ या वाक्याने कुठेच पोचता येत नाही. त्याऐवजी असं काही: ‘शेवटच्या प्रवेशात लग्नांचा संकेत पाळला जातो, पण व्हायोलाचं लग्न पुढे ढकललेलं राहतं, कारण तिचे कपडे कप्तानाकडे आणि कप्तान माल्व्होलिओच्या फिर्यादीमुळे कैदेत. ज्याची थट्टा करून उपकथानकाने आपल्याला हसवलं त्याच्याच हातात मुख्य कथानकाच्या सुखाची किल्ली राहते. त्यामुळे आनंदी शेवट इथे ठरलेला असूनही पुरा झालेला नाही.’ यात आधी संकेत आहे, मग संहितेतला पुरावा, मग त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि कथा सांगण्यात एकही ओळ गेलेली नाही. वेषांतरासाठी अंगठीचा प्रवेश आणि ओळखीच्या चुकीसाठी थैलीचा प्रवेश याच रीतीने लिहिता येतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. हल्ली काही मुलं माल्व्होलिओसाठी इतके अश्रू ढाळतात की हे नाटक शोकांतिका वाटायला लागतं. पिवळ्या मोज्यांचा प्रवेश आजही हसवतो, आणि तो हसवायलाच लिहिला आहे. 2012 मध्ये लंडनच्या ग्लोब रंगमंदिरात अतुल कुमार यांनी याच नाटकाचा ‘पिया बहरुपिया’ हा हिंदी अवतार गाण्या-बजावण्यासकट सादर केला, त्यातही नाटकाचा सणासुदीचा रंग भरभरून होता. संकेत मोडला असं लिहिण्याआधी तो आधी किती पाळला आहे, हे दाखवावं लागतं.

वेळ कमी असेल तर गाईड बाजूला ठेवा आणि पाचवा अंक तेवढा वाचा. त्याचा एकच प्रवेश आहे. पेन्सिल हातात घ्या आणि कोण केव्हा आत येतं, कोण केव्हा बाहेर जातं आणि शेवटी कोण गप्प उभं राहतं, एवढं समासात लिहा. निबंधाचा मुद्दा त्या नोंदींतून निघेल.